स्पॅगेटी सॉर्ट: काड्या पटकन उभ्या राहतात, मग वेळ जातो कुठे?

प्रश्न: आम्हाला शिकवलंय की तुलना करून क्रम लावायचा असेल तर n log n पेक्षा कमी काम होऊच शकत नाही. मग स्पॅगेटी सॉर्ट O(n) कसा? संख्यांएवढ्या लांबीच्या काड्या कापा, मुठीत धरून टेबलावर उभ्या ठोका, वरून हात खाली आणा, पहिली लागेल ती सगळ्यात मोठी, ती काढा, पुन्हा हात आणा. यात log n कुठेच दिसत नाही. सिद्धांत मोडला का, की यात काही हातचलाखी आहे? असेल तर नेमकी कुठे? आणि परीक्षेत विचारलं तर O(n) लिहायचं का?

उत्तर:

सिद्धांत मोडलेला नाही. हातचलाखी आहे, पण ती लोक सहसा दाखवतात तिथे नाही. «n काड्या एकदम उभ्या राहतात, म्हणजे n प्रोसेसर फुकट वापरले» एवढं सांगून बहुतेक जण थांबतात. ते बरोबर आहे, पण अर्धवट आहे. मी बरीच वर्षं डेटाबेसमधल्या सॉर्टिंगच्या कोडवर काम केलंय आणि अधूनमधून कॉलेजच्या मुलांना शिकवतोही. हा प्रयोग वर्गात खऱ्या स्पॅगेटीच्या पुड्यावर करून पाहिला, तेव्हा खरा खर्च कुठे बसलाय ते मलाही नीट कळलं. म्हणून सगळं त्याच प्रयोगाच्या आधाराने सांगतो.

ही कल्पना ए. के. ड्यूडनी या कॅनडातल्या संगणकशास्त्रज्ञांची. 1984 साली «सायंटिफिक अमेरिकन» मासिकातल्या «कॉम्प्युटर रिक्रिएशन्स» या सदरात त्यांनी ती मांडली. त्याच लेखात दोऱ्यांचं जाळं ताणून सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची युक्तीही होती. सदर करमणुकीचं होतं हे लक्षात ठेवा. पुढे लोकांनी त्यातली गंमत गाळली आणि O(n) तेवढं उचललं.

आमचा प्रयोग असा. वर्गात साठ मुलं, प्रत्येकाला शंभरपैकी मिळालेले गुण. एका गुणाला दोन मिलिमीटर, म्हणजे 73 गुणांची काडी 146 मिमीची आणि पैकीच्या पैकी गुणांची 200 मिमीची. बाजारातली स्पॅगेटी साधारण 25 सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे सगळे गुण एका काडीत मावतात. प्रत्येक काडीला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावून त्यावर हजेरी क्रमांक लिहिला, कारण नुसत्या काड्या क्रमाने लागून उपयोग नाही, कोणाची कोणती ते कळायला हवं.

आधी तुमच्या सिद्धांताबद्दल. n log n ची खालची मर्यादा एका विशिष्ट खेळासाठी आहे. त्या खेळात दर वेळी दोन वस्तू घ्यायच्या आणि विचारायचं: ही मोठी की ती? उत्तर हो किंवा नाही, म्हणजे फार तर एक बिट माहिती. साठ मुलांचे 60! क्रम शक्य आहेत आणि त्यातला एक ओळखायचा आहे. 60! चा दोनच्या पायाने लॉगरिदम 272 च्या किंचित वर जातो, म्हणून वाईटात वाईट परिस्थितीत निदान 273 प्रश्न लागणारच. मर्ज सॉर्टला जास्तीत जास्त 297 लागतात.

आता तळवा खाली आणणं हा कोणता प्रश्न आहे ते बघा. तो «ही की ती» असा प्रश्नच नाही. तो विचारतो, «या साठांपैकी कोण?» आणि त्याला साठ उत्तरं शक्य आहेत. पहिल्या स्पर्शातून log₂60, म्हणजे जवळजवळ सहा बिट माहिती हाती येते. ती काडी काढली की पुढचा स्पर्श एकोणसाठांतला एक निवडतो, त्यातून log₂59. मग log₂58. असं शेवटपर्यंत जा आणि बेरीज करा:

```
log2(60) + log2(59) + ... + log2(1) = log2(60!) ≈ 272
```

बेरीज तंतोतंत तेवढीच आली. एक बिटही सुटला नाही. तुम्हाला जो log n दिसत नाही तो प्रत्येक स्पर्शाच्या पोटात आहे. मोजताना आपण «स्पर्श = एक क्रिया» असं धरलं, म्हणून तो दिसेनासा झाला. किराणा दुकानातल्या बिलावर «सामान – 1 नग» लिहावं तसं हे आहे.

तरी कोणी म्हणेल, असेना का स्पर्शात सहा बिट, हात तर एकदाच खाली येतो. खरं आहे. मग त्या एका खेपेत काम कोण करतं? तळवा खाली येताना साठही काड्या त्याच्या वाटेत उभ्या असतात. एकोणसाठ जणी «मी अजून खाली आहे» असं सांगतात आणि एकीला तो लागतो. पहिल्या फेरीत हे एकोणसाठ तुलनांचं काम झालं, दुसरीत अठ्ठावन्न. एकूण 1770. ओळखलंत? हा आपला पहिल्या वर्षाचा सिलेक्शन सॉर्ट आहे. दर फेरीला उरलेल्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा आणि बाजूला ठेवायचा. सी मध्ये लिहिताना आतलं जे लूप आपण चालवतो, ते इथे काड्या स्वतःच्या उंचीने चालवतात. एकूण काम n² च्या घरातलंच, 273 पेक्षा कितीतरी जास्त. ते एकाच वेळी घडतं म्हणून घड्याळात दिसत नाही, इतकंच.

आणि लागलेली काडी कोणती, हे कळणं हेही काम आहे. आमच्या वर्गात ते तळव्याची त्वचा, डोळे आणि मेंदू यांनी केलं, म्हणून फुकट वाटलं. तेच तारांनी करायचं म्हटलं तर साठ तारांपैकी एका तारेत करंट येईल आणि त्यातून सहा बिटांचा पत्ता तयार करायला एन्कोडर लागेल. काड्या दहा लाख असतील तर पत्ता वीस बिटांचा होतो आणि सर्किटमधली गेटची थरसंख्याही त्याच प्रमाणात, म्हणजे log n ने, वाढते. हाताऐवजी यंत्र आलं की लॉग दारात हजर.

इथपर्यंतचं तुम्हाला एखाद्या चांगल्या पुस्तकात सापडेल. वर्गात आम्हाला जे दिसलं ते वेगळंच होतं.

मी दोन गट केले. एका गटाने स्पॅगेटी घ्यायची, दुसऱ्याने साध्या कागदी चिठ्ठ्या. स्पॅगेटीवाल्यांनी मोठ्या उत्साहाने स्टॉपवॉच लावलं, पण कधी? काड्या कापून झाल्यावर! ठोकायला दोन सेकंद आणि काढायला एकेक काडीमागे चार-पाच सेकंद, म्हणजे पाच मिनिटांच्या आत काम फत्ते. चिठ्ठीवाले अजून मर्ज करत बसलेले. मी विचारलं, कापायला किती वेळ गेला? कोणी मोजलाच नव्हता. पुन्हा मोजून कापायला लावलं. गुण वाचायचा, दुप्पट करायची, पट्टीवर खूण शोधायची, काडी लावायची, कापायची, झेंडा चिकटवायचा. एका काडीला पंधरा सेकंद धरले तरी साठ काड्यांना पंधरा मिनिटं. आणि तुलना करून चिठ्ठ्या लावणाऱ्यांना एका तुलनेला दोन सेकंद धरले तर 297 तुलनांना दहा मिनिटं.

(कापताना एक गोष्ट पाळा: काडी हाताने मोडू नका, वायर कटरने कापा. सुकी स्पॅगेटी वाकवून मोडली की तिचे दोनऐवजी तीन-चार तुकडे होतात. पहिल्या तुटीबरोबर काडीतून वाकण्याची लाट धावते आणि ती दुसरीकडे मोडते. बाझिल ओदोली आणि सेबास्तियन न्यूकिर्श या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये हे उलगडून दाखवलं आणि त्यासाठी त्यांना 2006 चं इग नोबेल मिळालं. आमच्या पहिल्या पुड्याचा निम्मा भाग या शास्त्राला अर्पण झाला.)

आता कापण्याच्या त्या पायरीकडे नीट बघा, कारण खरी चलाखी तिथे आहे. 73 गुणांची काडी कापताना त्या मुलीने काय केलं? पट्टीवर 146 ची खूण शोधून तिथे कटर ठेवलं. पट्टीवरच्या खुणा आधीपासून क्रमाने लावलेल्या आहेत. म्हणजे तिने त्या मुलाला इतर एकोणसाठांपैकी कोणाशीही न ताडता, त्याच्या गुणांवरून थेट त्याच्या जागी नेऊन उभं केलं. काडी कापण्याऐवजी तिने नावाची चिठ्ठी पट्टीवर 146 पाशी ठेवून दिली असती तर? साठ चिठ्ठ्या ठेवून झाल्या की पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात चिठ्ठ्या उचलायच्या, क्रम लागलेला. ठोकणं नाही, तळवा नाही, स्पॅगेटीही नाही.

यालाच काउंटिंग सॉर्ट म्हणतात. शून्य ते शंभर असे एकशेएक कप्पे, साठ चिठ्ठ्या, काम साठ अधिक एकशेएक. पोस्टात पत्रांचे कप्पे असतात, तसंच. आम्ही हेही करून पाहिलं. बाकावर कागदाची लांब पट्टी आखली आणि तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटोपलं. म्हणजे ज्याने पट्टी वापरून काड्या कापल्या, त्याने सॉर्टिंग कापतानाच केलेलं असतं. मग तो काड्या मुठीत घेऊन तो लागलेला क्रम विस्कटतो आणि टेबलावर ठोकून पुन्हा लावतो. n log n ची मर्यादा स्पॅगेटीने ओलांडली असेल तर ती काउंटिंग सॉर्ट ओलांडतो तशीच ओलांडली: संख्येची तुलना न करता संख्येचा पत्ता म्हणून वापर करून.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. लांबी जर आधीपासून लांबीच असेल, कोणी संख्येवरून कापलेली नसेल, तर ही पायरी उरत नाही आणि मग युक्ती खरोखर कामाची आहे. गंगावन आणि विगसाठी केस तयार करणारे लोक हेच करतात. जुडीची एक बाजू सारखी करून दुसरीकडून सगळ्यात लांब केस आधी ओढून काढतात, मग त्याहून आखूड, असं उतरत जातात. मात्र तेही एकेका केसाचा क्रम लावत नाहीत, इंचाइंचाचे गठ्ठे करतात. एकेक केस मोजत बसलं तर धंदा बसेल, आणि तशी अचूकता हाताला साधतही नाही.

ती अचूकता का साधत नाही, हे आमच्या चुकलेल्या काड्यांनी शिकवलं. काढलेल्या काड्या आम्ही एकेक करून ओळीने मांडत होतो. दोन-तीन ठिकाणी नंतरची काडी आधीच्यापेक्षा उंच निघाली. तपासायची रीत सोपी आहे: शेजारच्या जोड्या पाहायच्या, उतरत्या ओळीत कुठे पायरी वर चढते का. साठ काड्यांना एकोणसाठ नजरा. चढली तिथे चूक.

कारण तळवा आडवा सपाट राहत नाही. साठ काड्यांची जुडी साधारण दीड सेंटिमीटर जाडीची होते, एक काडी 1.8 मिमीची आणि मधल्या फटी धरून. तळवा पाच अंश कलला तर जुडीच्या एका कडेला तो दुसऱ्या कडेपेक्षा सुमारे 1.3 मिमी खाली असतो. त्यात कापण्यातली चूक मिळवा: अर्धा मिमी इकडे, अर्धा मिमी तिकडे. दोन मिळून 2.3 मिमी. आमचा एक गुण दोन मिमीचा. म्हणजे 73 आणि 74 गुणांच्या काड्या जुडीच्या समोरासमोरच्या कडांना असतील, तर 73 वाली आधी लागू शकते. आम्ही एका गुणाला एकच मिमी धरला असता तर निम्मा वर्ग वादात पडला असता.

एका हुशार मुलाने तळव्याऐवजी काचेचा तुकडा आणला. सपाट काच, मग चूक कशी होईल? त्याने ती जुडीवर अलगद ठेवली आणि सोडून दिली. काच एका काडीवर कशी टेकेल? ती कलंडते आणि तीन काड्यांवर स्थिर होते. त्या तिघींत सगळ्यात उंच काडी असेलच याचीही खात्री नसते, मग तिघी पहिल्या तीन क्रमांकांच्या असणं दूरच. त्या फक्त सोयीच्या जागी उभ्या असतात. काच कामाला येते, पण तिला दोन्ही बाजूंनी खाचा करून समांतर उतरवावी लागते. आणि जोर द्यायचा नाही, कारण लांब काडी तीन-चार तोळ्यांच्या दाबालाही वाकते आणि तेवढ्यात शेजारची काचेला लागते.

हा कल साठ काड्यांत चालून गेला. संख्या वाढली की काय होतं ते पाहा, कारण O(n) चा दावा वाढीबद्दलच असतो. जुडीची जाडी काड्यांच्या वर्गमुळाने वाढते. हजार काड्यांची जुडी सहा सेंटिमीटर रुंद, तेवढी कशीबशी मुठीत बसेल. दहा लाखांची जवळजवळ दोन मीटर. एका अख्ख्या काडीचं वजन साधारण एक ग्रॅम, म्हणजे मुठीत एक टन! समजा ती मूठही तयार केली. आता प्रत्येक काडी काढायला हाताला जुडीच्या मध्यापासून तिच्यापर्यंत जाऊन परत यायचं आहे. सरासरी जाणं-येणं 1.3 मीटर. दहा लाख खेपा म्हणजे 1300 किलोमीटर, मुंबईहून जवळपास दिल्लीपर्यंत. हजार काड्यांसाठी हाच प्रवास चाळीसेक मीटरचा होता. काड्या हजारपट झाल्या आणि प्रवास तीस हजारपटींहून जास्त. म्हणजे वाढ n ची नाही, n√n ची आहे. कल्पनेतला हात बिंदूसारखा धरला की हे अंतर गायब होतं. जागा लागते, आणि जागा ओलांडायला वेळ लागतो. तारा आणि वीज वापरली तरी हे सुटत नाही, फक्त एका पावलाला लागणारा वेळ कमी होतो.

याहून मोठी अडचण संख्येच्या आकाराची. गुण शंभरच्या आत होते म्हणून भागलं. मोबाइल नंबर क्रमाने लावायचे असतील तर? दहा अंकी संख्या, एकाला एक मिमी धरलं तर काड्या दहा हजार किलोमीटरपर्यंत जातात. पृथ्वीचा व्यासच बारा हजार सातशेच्या आसपास आहे. उलट 25 सेंटिमीटरच्या काडीतच सगळे नंबर बसवायचे म्हटलं तर दोन शेजारच्या नंबरांत फरक उरतो 0.025 नॅनोमीटर, अणूच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका. एक बिट वाढला की काडी दुप्पट लांब किंवा मोजमाप दुप्पट बारीक. साध्या संगणकात बिट वाढला की एक तार वाढते. O(n) लिहिताना ही बाजू n मध्ये येतच नाही, म्हणून ती कोणाच्या डोळ्यात येत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, अंक एकेक घेऊ या. आधी शेवटच्या अंकावर काड्या लावू, मग त्याच्या आधीच्या, अशा दहा फेऱ्या. रेडिक्स सॉर्ट. पंच-कार्ड छाननीची जुनी यंत्रं असंच करायची आणि तिथे ते चालायचं, कारण प्रत्येक फेरीत सारख्या अंकाची कार्डं आधीच्या क्रमानेच कप्प्यात पडत. स्पॅगेटीत तसं होत नाही. सारख्या लांबीच्या दोन काड्या तळव्याला एकाच वेळी लागतात आणि मुठीत घेताना आधीचा क्रम मोडलेला असतो. आमच्या साठ मुलांतही सारख्या गुणांची बरीच होती. त्यांच्यात हजेरी क्रमांकाने लावायचं ठरलं होतं, पण काडीला ते कळायचा मार्ग नाही. म्हणून उजवीकडून सुरू होणारा रेडिक्स इथे फसतो. डावीकडून सुरू करून गटांचे उपगट करत गेलात तर चालेल, पण तोवर जुडी नावापुरती उरते आणि तुम्ही कप्पेच करत असता.

हीच चलाखी सॉफ्टवेअरमध्ये पाहायची असेल तर «स्लीप सॉर्ट» चालवून पाहा:

```bash
for n in "$@"; do (sleep "$n"; echo "$n") & done; wait
```

प्रत्येक संख्येसाठी एक प्रोसेस, ती तेवढे सेकंद झोपते आणि उठून संख्या छापते. लहान संख्या आधी उठतात, क्रम लागला, कुठेही तुलना नाही! तुलना आहे, फक्त तुमच्या फाइलमध्ये नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये हे टायमर रेड-ब्लॅक ट्रीमध्ये उठण्याच्या वेळेनुसार ठेवले जातात आणि प्रत्येक नवा टायमर घालताना log n तुलना होतात. सॉर्टिंग कर्नलने केलं, श्रेय `sleep` ला गेलं. आणि काडीच्या लांबीची अडचण इथे वेळेच्या रूपात येते. त्यात मोबाइल नंबर दिलात तर पहिलं उत्तर यायला दोनशेच्या आसपास वर्षं लागतील. सेकंदाचे छोटे भाग केलेत तर `3.001` आणि `3.002` कधी उलटेही छापले जातील, कारण शेड्युलर हाही कललेला तळवाच आहे.

माझ्या कामात हा अनुभव एकदा चांगलाच आला. एका विक्रेत्याने आम्हाला ग्राफिक्स कार्डवर सॉर्ट करून दाखवलं, आकडे डोळे दिपवणारे. आम्ही ते आमच्या डेटावर चालवलं तर एकूण वेळ जेमतेम पूर्वीएवढाच. त्यांचं स्टॉपवॉच डेटा कार्डावर पोचल्यावर सुरू होत होतं आणि उत्तर परत आणायच्या आधी थांबत होतं. नोंदींमधून सॉर्ट-की वेगळ्या काढणं, त्या कार्डावर नेणं, लागलेला क्रम परत आणून खऱ्या नोंदी त्या क्रमाने हलवणं, हे सगळं बाहेर. मला तेव्हा लगेच ती कापून ठेवलेली काड्यांची रास आठवली. तेव्हापासून कोणी समांतर यंत्राचा वेग सांगितला की मी आधी विचारतो, घड्याळ कधी चालू केलंत?

आता परीक्षा. नुसतं O(n) लिहू नका आणि «हे खोटं आहे» असंही लिहू नका. असं लिहा: लांब्या आधीच तयार आहेत, एका स्पर्शात जुडीतली सगळ्यात मोठी काडी ओळखता येते आणि तिच्यापर्यंत पोचायला स्थिर वेळ लागतो, या तीन गृहीतकांवर वेळ O(n), प्रोसेसर n, एकूण काम O(n²). तुलनेवरची n log n मर्यादा इथे लागू नाही, कारण मूळ क्रिया दोन वस्तूंची तुलना नसून n वस्तूंतून एकाची निवड आहे. एवढं लिहिलंत तर गुण कापायला जागा उरत नाही. तोंडी परीक्षेत सरांनी पुढे खोदलंच, तर त्यांच्या हातात पट्टी द्या आणि 73 ची काडी कापायला सांगा.